सहाच्या आत पोचलेला मेल

मुलाखत संपली तेव्हा दुपारचा एक वाजला होता, आणि रामनगरच्या रेस्ट हाउसच्या पायऱ्या उतरतानाच मला कळलं की एका प्रश्नाचं उत्तर माझं चुकलं आहे.

शतक संपायला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं. जोयडा तालुक्यातल्या जंगलगावांचा अभ्यास करायला बेंगळूरची एक संस्था आली होती. दिग्गी, बाजारकुणंग अशा गावांत घरोघर जाऊन माहिती लिहून घेणारं, मराठी, कोंकणी आणि कन्नड बोलणारं माणूस त्यांना हवं होतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. तिन्ही भाषा येत होत्या. इंग्रजी कच्चं होतं.

मुलाखत घेणारे दोघं होते, एक पन्नाशीच्या बाई आणि एक तरुण सर. सर भराभर विचारत होते. बाई कमी बोलत. शेवटी बाईंनी विचारलं, "दिग्गीतल्या एखाद्या म्हाताऱ्यानं विचारलं, ह्या कागदामुळं आमची जमीन जाणार काय, तर काय सांगशील?"

मी लगेच म्हणाले, "सांगेन, काही होणार नाही, हे तुमच्या भल्यासाठीच आहे."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आमच्या भागात धरणासाठी आणि जंगलासाठी माणसं उठवली गेली होती. भल्यासाठी म्हणूनच प्रत्येक वेळी सांगितलं गेलं होतं. हे मला माहीत असून मी तेच बोलले होते.

निघताना मी बाईंना मेलचा पत्ता मागितला. त्यांनी कार्डाच्या मागे पेनानं लिहून दिला. म्हणाल्या, आज आम्ही बेळगावला मुक्कामाला आहोत, सहा वाजता तिथल्या ऑफिसात बसून नाव ठरवू, तेव्हा मेलही बघेन.

खानापूरच्या कॉम्प्युटर क्लासात आमच्या सरांनी एकदा सांगितलं होतं, मुलाखत झाली की त्याच दिवशी आभाराचा मेल पाठवावा, दुसऱ्या दिवशी त्याची किंमत निम्मी होते. मेलचा आयडी मी क्लासातच काढला होता. आतापर्यंत त्यावरून मैत्रिणीला एक दिवाळीचं शुभेच्छापत्र तेवढं गेलं होतं. पण रामनगरात इंटरनेट कुठं होतं? बेळगावला जायला हवं होतं, आणि सहाच्या आत.

माझा दादा ट्रक चालवायचा. त्या दिवशी त्याची गाडी माल भरून बेळगावलाच निघाली होती. स्टँडजवळ मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "चल, पण मधी कुठं थांबणार न्हाई." मी केबिनमध्ये चढले.

वाटभर मी वहीत लिहीत होते आणि खोडत होते. रस्ता खराब, अक्षरं उड्या मारत होती. दादानं विचारलं, काय लिवतीस? मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, असं गुळमुळीत नको, नोकरीची गरज हाय म्हणून सरळ सांग, बाबांची तब्येत सांग, आणि उद्या सकाळपर्यंत कळवा म्हण. मला ते पटलं. मी तेही लिहिलं. मजकूर दीड पान झाला.

लोंढ्याच्या पुढं फाटक बंद होतं. मालगाडी हळूहळू जात राहिली. दादाचं घड्याळ मी तीनदा बघितलं.

बेळगावात एका इंटरनेट कॅफेसमोर उतरले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. चार कॉम्प्युटर, चारहींवर माणसं बसलेली. कॅफे एक साठीच्या बाई चालवायच्या, आधी एका कारखान्यात साहेबांच्या स्टेनो होत्या. मी त्यांना काकी म्हटलं आणि काय हवं ते सांगितलं. त्यांनी वही मागितली, चष्मा चढवला आणि उभ्यानंच वाचली.

"हे आभाराचं पत्र आहे की अर्ज?" त्यांनी विचारलं.

मी पेन त्यांच्यापुढं केलं.

त्यांनी बाबांच्या तब्येतीवर रेघ मारली. गरज आहे, यावर मारली. उद्या सकाळपर्यंत कळवा, यावर दोनदा मारली. "पुढच्याला उत्तर द्यायची घाई लावायची नाही," त्या म्हणाल्या. "आज काय बोलणं झालं, त्यातलं एकच धर. जे फक्त तूच लिहू शकतेस, ते. मग थांब."

सव्वापाचला एक कॉम्प्युटर सुटला. मॉडेम बराच वेळ किरकिरला आणि लाइन लागली. विषयात पदाचं नाव आणि माझं नाव टाकलं. मग बोटं शोधत शोधत लिहिलं. इंग्रजीत होतं, पण मराठीत सांगायचं तर एवढंच: आज आपण दोघांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभार. दिग्गीतल्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला मी घाईत उत्तर दिलं. काही होणार नाही, असं मी त्यांना सांगू शकत नाही, कारण ते मला माहीत नाही. फॉर्मवर काय लिहिलं आहे ते मी त्यांच्या भाषेत वाचून दाखवेन, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेन. हे काम मला मनापासून करायला आवडेल. खाली नाव, आणि आमच्या शेजारच्या एसटीडी बूथचा नंबर.

काकींनी दोन स्पेलिंगं दुरुस्त केली. बाकी कशाला हात लावला नाही. मी बटण दाबलं. पाच चाळीस.

चार-पाच मिनिटांत मेल परत आला. असा पत्ता नाही, असा इंग्रजीत निरोप. मी कार्ड आणि पडदा अक्षर अक्षर ताडून बघू लागले. मला काही फरक दिसेना. तेवढ्यात लाइन तुटली.

काकींनी पुन्हा डायल केलं. एंगेज. पुन्हा एंगेज. दादा दारात उभा होता, त्याला गाडी खाली करायला जायचं होतं, पण तो थांबला. काकी कार्ड खिडकीजवळ घेऊन गेल्या. पन्नास साहेबांची अक्षरं वाचलेल्या त्या बाई.

"हा एम नव्हे," त्या म्हणाल्या. "आर आणि एन चिकटून लिहिलेत."

लाइन लागली तेव्हा सहाला आठ कमी होते. पत्ता सुधारून पुन्हा पाठवला. दहा मिनिटं आम्ही तिघं पडद्याकडं बघत बसलो. परत काही आलं नाही. वाचला का, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूथवाल्या मावशींनी हाक मारली. फोनवर बाई होत्या. सोमवारपासून ये, म्हणाल्या. आईला सांगायला मी घराकडं पळाले आणि रिसीव्हर तसाच लोंबकळत राहिला.

त्या मेलचं काय झालं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. बाजारकुणंगहून जीपनं परतताना बाई आपण होऊन बोलल्या. त्या संध्याकाळी मुलाखतीतल्या सरांनी माझ्या नावापुढं फुली मारली होती. त्यांना दुसरा एक मुलगा पसंत होता, इंग्रजी चांगलं होतं त्याचं. बाईंनी मेल कागदावर छापून त्यांच्यापुढं ठेवला.

मी विचारलं, मेल आला नसता तर?

"तर मी वाद घातला नसता," बाई म्हणाल्या. "आभाराचे मेल पुष्कळ येतात. आपली चूक सांगणारा तो एकच होता. आणि कधी कळवता, असं त्यात विचारलेलं नव्हतं."

बेळगावच्या काकींनी ते खोडलं होतं, हे मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग त्यांनाही एक आभाराचा मेल कर. काकींचा स्वतःचा मेलचा पत्ता आहे की नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी बेळगावला जाऊन तोंडीच सांगून आले.