बिलावरचं नाव

रेल्वेच्या राजभाषा विभागातून निवृत्त झाल्यावर तरी कागदांपासून सुटका होईल, असं वसुंधराबाईंना वाटलं होतं. पण त्या हिंदी मुलखातल्या शहरात, खंडेराव गेटजवळच्या त्यांच्या घरी लोक हिंदी कागद इंग्रजीत करून घ्यायला येतच राहिले. त्या दिवशी भूषण आला. त्याला दुबईत आपल्या कंपनीचं खातं उघडायचं होतं. तिथल्या बँकेने मालकाच्या ओळखीसाठी पासपोर्ट मागितला होता आणि पत्त्यासाठी गेल्या तीन महिन्यांतलं, त्याच्याच नावाचं बिल. सोबत प्रमाणित अनुवाद.

विजेचं बिल ताजं होतं, पण त्यावर नाव होतं त्याच्या दिवंगत वडिलांचं.

"काकू, अनुवादात माझं नाव टाका ना. मूळ हिंदी तिथे कोण वाचतंय?"

"आणि खाली सही कशावर करू? अनुवाद मुळाबरहुकूम आहे यावर?" वसुंधराबाई वैतागल्या. हेच आर्जव ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. "तुझ्या खात्याचं स्टेटमेंट आण, पत्त्यासकट, बँकेचा शिक्का मारून. ते इंग्रजीतच मिळतं, अनुवादही नको. दुबईच्या बँकेला चालेल का, ते आधी विचार. आणि बिलावरचं नाव बदला एकदाचं! माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, अजून त्यांच्याच नावाने वीज जाळताय."

भूषण बिलाची घडी करून उठला. दाराशी खिळ्याला अडकवलेलं वसुंधराबाईंच्या घराचं विजेचं बिल त्याला दिसलं.

"काकू, हे अजून काकांच्याच नावाने? ते जाऊन तर..."

वसुंधराबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मला कुठे दुबईत खातं उघडायचंय?" त्या म्हणाल्या. "राहू दे."