रोज सकाळी नवी चॅट

वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यावर मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत अहवाल लिहायच्या कामाला लागलो. बसायला जागा क्वालिटी विभागात. विभागाचे प्रमुख शिस्तीचे होते. शिफ्ट संपली की टेबलावर काहीही उरता कामा नये, हा त्यांचा नियम. पाना, कपडा, कागद, चहाचा कप, सगळं जागच्या जागी. रिकाम्या टेबलांचे फोटो ग्राहक कंपनीच्या पाहुण्यांना दाखवले जात.

कंपनीने एआय सहायकाचं खातं घेतलं, तेव्हा साहेबांनी तोच नियम तिथे लावला. रोज सकाळी नवी चॅट. कालच्या चॅटमध्ये आज काम करायचं नाही. शिवाय संध्याकाळी विभागाच्या सामायिक संगणकातलं डाउनलोड फोल्डरही रिकामं करायचं. याला कोणी हरकत घेतली नाही. टेबल पुसण्यापेक्षा हे सोपं होतं.

एकदा ग्राहकाची तक्रार आली. एका ब्रॅकेटचं भोक जागेवरून सरकलं होतं. खुलासा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी हवा होता. लातूरहून आलेली एक इंजिनिअर मुलगी तेव्हा प्रोबेशनवर होती. तिने ड्रॉइंग आणि मोजमापांचा अहवाल चॅटमध्ये जोडून निम्मं काम उरकलं आणि नियमाप्रमाणे टेबल आवरून घरी गेली. तिला कायम करायचं की नाही, याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या सहीला यायचा होता.

सकाळी साहेबांनी स्वतः नवी चॅट उघडली आणि टाइप केलं, ‘कालच्या ड्रॉइंगवरून खुलासा पूर्ण कर.’

उत्तर आलं, ‘मला या चॅटमध्ये कोणतीही फाइल दिसत नाही.’ खाली आणखी तीन ओळी होत्या. साहेबांना पहिली ओळ वाचून निर्णय घ्यायची सवय होती.

‘काल दिली होती,’ त्यांनी टाइप केलं. सहायकाने दिलगिरी व्यक्त करून तेच पुन्हा सांगितलं.

“माझं नाव घेऊन सॉरी म्हणतोय,” साहेब मला म्हणाले. “नाव लक्षात आहे, ड्रॉइंग नाही? म्हणजे कुणीतरी डिलीट केलंय.”

मुलगी आत येईपर्यंत विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश पडला होता: फाइल डिलीट झाल्या आहेत, जबाबदारी निश्चित केली जाईल. ग्रुपमध्ये प्लँट हेडही होते.

“सर, मी कशाला डिलीट करू वो?”

“मशीन खोटं बोलतंय का?”

“मशीननं डिलीट झालं असं कुठं म्हटलंय? खालच्या ओळी वाचा की.”

त्या ओळी तिनेच मोठ्याने वाचल्या. दुसऱ्या चॅटमध्ये जोडलेल्या फाइल नव्या चॅटमध्ये आपोआप येत नाहीत. जुनी चॅट उघडून तिथेच पुढे चला, किंवा फाइल इथे पुन्हा जोडा.

“मग नाव कसं लक्षात राहिलं?”

“ते सेटिंगमधल्या मेमरीत आहे, सर. तिथं अशा लहानसहान गोष्टी राहतात. फाइल नाही राहत. ती ज्या चॅटला जोडली, त्या चॅटपुरती.”

तिने डावीकडच्या यादीतून कालची चॅट उघडली. पहिल्याच संदेशाच्या वर दोन्ही फाइल होत्या. खाली कालचं निम्मं काम.

“इथंच पुढे चालू करते. लगेच होईल.”

“नको,” साहेब म्हणाले. “ती कालची आहे.”

मी घड्याळाकडे पाहिलं. मुलीने पाहिलं नाही. मूळ फाइल डाउनलोडमध्ये नव्हत्या. फोल्डर साहेबांनीच रिकामं करवलं होतं. तिने ग्राहकाच्या मेलमधून ड्रॉइंग पुन्हा उतरवलं, मोजमापांचा अहवाल विभागाच्या सर्व्हरवरून घेतला, नव्या चॅटमध्ये अधिकच्या खुणेवर क्लिक करून दोन्ही जोडले. कालचं निम्मं लिखाण जुन्या चॅटमधून उचलून तिथे चिकटवलं. सहायकाने ड्रॉइंग वाचलं आणि काम पुढे सरकलं. खुलासा वेळेत गेला.

साहेबांनी मला ग्रुपसाठी मजकूर लिहायला सांगितला. “लिहा, फाइल सापडल्या आहेत.”

“सर,” मुलगी म्हणाली, “सापडल्या म्हणजे हरवल्या होत्या होय? अन् हरवल्या कुणी, ते लोक विचारणारच.”

“मग काय लिहायचं?”

“डिलीट झाल्याच नव्हत्या, असं.”

साहेब माझ्याकडे वळले. “जरा मोघम नाही का करता येणार?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, येईल. पण प्लँट हेड मोघम संदेशावर प्रश्न विचारतात.

शेवटी तिचंच वाक्य गेलं. प्लँट हेडनी त्यावर पसंतीचा अंगठा टाकला. दोन दिवसांनी कायम करण्याच्या कागदावर सही झाली. शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं: काम चांगले, विभागाच्या नियमांची समज वाढवणे आवश्यक.