स्कूटर मेडिकलपाशी थांबते

ते अ‍ॅप माझ्या फोनवर आलं ते मुलीच्या काटकसरीमुळे. तिच्या स्वतःच्या नंबरावरची नव्या ग्राहकाची कूपनं संपली होती. पुण्याला नोकरीसाठी जायच्या आधीच्या महिन्यात तिने माझा फोन हिसकावून घेतला, माझ्या नंबरावर नवं खातं उघडलं आणि त्याच खात्यात आपल्या फोनवरूनही शिरली. माझं डेबिट कार्डही तिनेच त्यात ठेवलं. पत्ता घातला, नकाशावर बोटाने खूण सरकवत आमच्या जिन्यावर आणली, खाली 'रागीच्या गिरणीसमोर, वरचा मजला' असं लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'होम'. "तू नको हात लावू अम्मा, तुला बेडा ते," म्हणाली. मला खरंच नको होतं. म्हैसूरच्या आमच्या नजरबादेत दारावर भाजीची गाडी येते, दूध कोपऱ्यावर मिळतं. हात लावायची गरजच काय?

पुण्याला गेल्यावर तिने त्याच खात्यात दुसरा पत्ता घातला. त्यावर आपला फोन नंबर दिला, म्हणजे डिलिव्हरीवाला तिला फोन करील, मला नाही. बाकी खातं माझंच राहिलं. तिचं यूपीआय कधी अडलं की माझं कार्ड वापरायची, आणि त्याचा ओटीपी माझ्या फोनवर यायचा. आठवड्यातला अधलामधला फोन म्हणजे ओटीपी, हे मी ओळखून होते. "अम्मा, लवकर सांग!" मेसेजात लिहिलेलं असायचं, हा आकडा कोणालाही सांगू नका. मी एकेक अंक सावकाश सांगायची, तेवढंच बोलणं लांबावं म्हणून. शेवटचा अंक सांगितला की "सरी, बरं, ठेवते" म्हणून ती फोन ठेवायची.

ठरलेला फोन रविवारचा. आमच्या म्हैसुरात माणूस भेटलं की आधी 'ऊट आय्ता?', म्हणजे जेवण झालं का, असं विचारतात. मराठी बोलणारी आमची घरंही त्याला अपवाद नाहीत. मी विचारायची, "ऊट आय्ता?" ती म्हणायची, "आय्तु अम्मा. घरीच केलं. पोळी-भाजी."

एका रविवारी हे बोलणं संपतं न संपतं तोच माझ्या फोनवर टिंग वाजलं. तुमची ऑर्डर स्वीकारली आहे. एक चिकन रोल, एक शीतपेय. मी चष्मा लावला. पत्ता तिचा. नकाशा उघडला तर त्यावर एक इवलीशी स्कूटर, अनोळखी रस्त्यांवरून चाललेली. रागवायला हवं होतं. पोळी-भाजी म्हणे! पण मी खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले आणि ती स्कूटर बघत राहिले. एका सिग्नलला थांबली, वळली, एका मेडिकलच्या दुकानापाशी पुन्हा थांबली. तिथून गल्लीत. मग 'डिलिव्हर्ड' असं आलं आणि नकाशा गेला. आता तिने दार उघडलं असेल, असं मला वाटलं आणि बरं वाटलं. एवढं बरं मला तिच्या वडिलांच्या मागे फार दिवसांत वाटलं नव्हतं.

मग ती सवयच झाली. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, असं सासरे मिशीवर हात फिरवून सांगत. त्या घोडेस्वारांच्या घरची सून संध्याकाळी खिडकीत बसून स्कूटरचा पाठलाग करते, हे त्यांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. सोमवारी दही आणि केळी, म्हणजे पोट बिघडलंय. दोन बिर्याण्या, म्हणजे कोणीतरी आलंय. महिनाअखेर नुसती अंडी आणि ब्रेड. ते घर मी कधी पाहिलं नाही. "अजून सामान लागलं नाही अम्मा, मग ये," असं ती दर वेळी म्हणते. पण प्रत्येक स्कूटर त्या मेडिकलपाशी का थांबते हे मला माहीत होतं. तिथे गल्ल्या दोन फुटतात आणि प्रत्येक जण चुकीच्या गल्लीकडे बघत घोटाळतो.

स्वतःसाठी मात्र मी कधी काही मागवलं नाही. तिचं जसं मला दिसतं, तसं माझं तिला दिसणार, एवढी अक्कल मला होती. आणि मला दिसतं हे कळलं की ती त्या खात्यातून निघून जाईल, हेही ठाऊक होतं. माझ्याजवळ तिचं तेवढंच उरलं होतं, ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून रविवारची पोळी-भाजी मी मुकाट्याने ऐकून घ्यायची. खोटं पकडता येत असून न पकडणं, यातही एक मजा असते.

एखाद्या दिवशी ऑर्डर नसेल तेव्हा मी नुसताच तिचा पत्ता निवडून बसायची. मग अ‍ॅप तिच्या आसपासची दुकानं दाखवायचं. कुठे इडली मिळते, कुठली खाणावळ बंद आहे. तिच्या गल्लीत जाऊन आल्यासारखं वाटायचं. हसा खुशाल.

त्याच नादाने घात केला. आषाढात मला ताप भरला. खालचे घरमालक पिरियापट्टणला नातेवाइकांकडे गेलेले, भाजीवालीचा पत्ता नाही, आणि गुडघे जिना उतरू देईनात. घरात तांदूळ होते, पण उठून शिजवायचं त्राण नव्हतं. रविवारी मुलीला "मी चेन्नाग आहे, अगदी बरी, मला काय धाड भरलीय," असं ठणकावून सांगितलं होतं. आता तिला फोन करणं जिवावर आलं. म्हटलं, एकदाच मागवू. तिला दिसलं तर दिसलं, कामात असेल, बघणारही नाही.

अर्धा लिटर दूध, ब्रेड, लिंबं, ओआरएसची पाकिटं. जुना थर्मामीटर बंद पडला होता म्हणून एक थर्मामीटर. पैसे द्यायला माझं कार्ड होतंच. ओटीपी आला. या वेळी तो कोणाला सांगायचा नव्हता, मीच टाकला. मध्ये अ‍ॅपने काहीतरी विचारलं, मी 'हो' दाबलं. तापात कोण वाचतं?

मग सवयीने नकाशा उघडला. स्कूटर निघाली होती. सिग्नलला थांबली, वळली. रस्ता इतका ओळखीचा की पहिल्यांदा मला काही वावगं वाटलंच नाही. मेडिकल दिसलं तेव्हा माझ्या अंगातला ताप खर्रकन उतरला. लोकेशन मी कायम बंद ठेवते, बॅटरी खातं म्हणून. आदल्या दिवशी निवडलेला तिचाच पत्ता अ‍ॅपने धरून ठेवला होता, आणि तोच बरोबर ना असं विचारल्यावर मी 'हो' दाबलं होतं. रद्द करायला गेले तर सामान निघालंय, आता होणार नाही. मी नुसती बघत राहिले. हा बाबा मेडिकलपाशी थांबलासुद्धा नाही, सरळ बरोबर गल्लीत शिरला.

थोड्या वेळात फोन वाजला.

"अम्मा, तुला ताप आहे?"

मी म्हणाले, "कोण म्हणालं?"

"माझ्या हातात ओआरएस आहे. थर्मामीटर आहे. तू मागवलंस, चुकून माझ्याकडे आलं. किती आहे ताप?"

"मोजू कशानं? थर्मामीटर तुझ्याकडे आहे."

ती हसली नाही. "रविवारी तर म्हणालीस चेन्नाग आहे. खोटं का बोललीस?"

तिने फोन तसाच चालू ठेवला, पत्ता बदलून 'होम' केला आणि तेच सगळं सामान पुन्हा मागवलं, वर मऊ इडल्या. पैसे आपल्या यूपीआयने दिले. मग ती मला सांगत बसली. "निघाला बघ अम्मा. हां, सर्कलला आला. उजवीकडे वळला. तू पडून राहा, मी बघते." पुण्यात बसून ती नजरबादच्या रस्त्यांवर स्कूटर बघत होती, आणि ती माझ्याकडे येत होती. मी डोळे मिटून ऐकत होते. लहानपणी ती आजारी पडली की मी उशाशी बसायची, तशी ती बसली आहे असं वाटलं. त्या सुखात माझी जीभ सैल सुटली.

"गिरणीपाशी थांबलाय," ती म्हणाली, "चुकला वाटतं."

"थांबू दे ग. तुझ्याकडचे नाही का, सगळे त्या मेडिकलपाशी थांबतात? आजचाच तेवढा नाही थांबला."



"तुला कसं माहीत?" ती म्हणाली. आणि मग, मी उत्तर द्यायच्या आत, "तू रोज बघतेस?"

"रोज नाही," मी म्हणाले. पण खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "बघते."

खाली बेल वाजली. "अम्मा, ऑर्डर!" डिलिव्हरीवाला ओरडला. मी त्याला वर ये म्हणून कन्नडात सांगितलं. दार लावून परत फोन कानाला लावला तेव्हा ती म्हणाली, "इडली खा. नंतर बोलते." रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते, त्यात मी कमी नाही.

त्या आठवड्यात ती रोज सकाळ-संध्याकाळ ताप विचारायची. ताप गेला आणि फोन पुन्हा रविवारावर आले. खात्यावर मात्र तिचं काहीच येईना. मी पत्त्यांची यादी उघडली तर त्यात एकटं 'होम' होतं. पुण्याचा पत्ता तिने काढून टाकला होता.

रविवारी तिनेच विषय काढला. "अम्मा, मी माझ्या नंबरावर वेगळं खातं केलं. तुझ्या नंबरावरची कूपनं संपली ना, म्हणून."

"हो का," मी म्हणाले. "संपलीच असतील."

तिचं चुकलं नाही. तीस वर्षांची मुलगी, तिने काय खावं, कोणाला जेवायला बोलवावं, यावर आईने खिडकीतून पहारा का ठेवावा? हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. संध्याकाळ झाली की खुर्ची अजून खिडकीपाशी ओढली जाते.

परवा रविवारी मी विचारलं, "ऊट आय्ता?"

"आय्तु अम्मा. घरीच केलं, पोळी-भाजी." आणि मग, "तू बरी आहेस ना?"

"चेन्नाग आहे," मी म्हणाले. गुडघा सुजला होता.

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ हातातल्या फोनकडे बघत बसले. टिंग वाजलं नाही.