कव्हर लेटरमधली ती बाई

कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात मी इतकी कव्हर लेटर्स पाठवली, आणि एकाचंही उत्तर आलं नाही. सगळी नेटवरून उचललेली. ‘मी मेहनती आहे, जिद्दी आहे, टीममध्ये काम करू शकते.’ अरे, कोण लिहितं की मी आळशी आहे? पण तेव्हा अक्कल नव्हती. घरात मात्र ठरलेलं होतं की दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर मला काकांकडे पुण्याला धाडायचं, कसलातरी कोर्स करायला. आणि मला उज्जैन सोडायचंच नव्हतं. बाबा बँकेच्या बदलीने इथे आले ते माधव नगरातच मुरले, आणि मी तर इथेच जन्मले. पुण्यात गेलं की माझं मराठी ऐकून चुलत भावंडं हसतात. जा बाबा, तुम्हीच बोला शुद्ध!

मग एक जाहिरात दिसली. इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात हेल्प डेस्कवर मुलगी हवी होती, फ्रेशर्सही चालतील असं लिहिलेलं. मी पत्र घेऊन कॉलेजात गेले. तिथल्या प्लेसमेंटच्या मॅडम आपल्यातल्याच, मराठी. त्यांनी पहिला परिच्छेद वाचला आणि सरळ पेन फिरवलं.

“‘मला अनुभव नाही, तरीही’ हे कशाला? नाही ते त्यांना रेझ्युमेत दिसेलच. आहे ते सांग. आणि रेझ्युमे इथे परत उतरवू नकोस. तीन परिच्छेद, एक पान, बस्स. ही नोकरी का हवी, त्यासाठी काय करून दाखवलंयस, आणि भेटायला बोलवा.”

मी प्रोजेक्टचं सांगितलं. शेवटच्या वर्षाला आम्ही दवाखान्यातल्या टोकनच्या रांगेसाठी एक छोटं सॉफ्टवेअर केलं होतं.

“आम्ही म्हणजे कोण? तू काय केलंस?”

कोडिंग दुसऱ्यांनी केलेलं. मी दवाखान्यात बसून लोक कुठे अडतात ते बघितलं होतं, आणि टोकनचा आकडा मोठा दिसावा, सोबत आवाजातही सांगितला जावा, हे माझ्या हट्टाने झालं होतं.

“मग हेच लिही की! आणि रेझ्युमेत सेवा केली म्हणून लिहिलंयस, ती कुठे केलीस? एखादा प्रसंग टाक. काय झालं, तू काय केलंस, पुढे काय झालं.”

सेवा मी केली होती श्रावणातल्या सवारीच्या, म्हणजे देवाच्या पालखीच्या गर्दीत, घाटाजवळच्या खोया-पाया केंद्रावर, हरवलेल्यांना त्यांच्या माणसांशी गाठ घालून द्यायला. एकच प्रसंग होता माझ्याकडे, आणि तो मला नको होता.

त्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्या बाईला कोणीतरी मंडपात आणून बसवलं. जवळ मोबाइल नाही, नवऱ्याचा नंबर पाठ नाही. मी नाव विचारलं, तिने सांगितलं. गाव सांगितलं. “और पति का नाम?” तर पदर तोंडावर. “छोरा के बापू हैं,” एवढंच. नवऱ्याचं नाव घ्यायचंच नाही! मी आधी हसले, मग वैतागले. अम्मा, बोलो ना, काही पाप नाही लागत. ती नाहीच बोलली. मी तिचं नाव, गाव, लुगड्याचा रंग सगळं माइकवरून पुकारलं, पुन्हा पुन्हा पुकारलं. कोणी आलं नाही.

तेव्हा ती माझी बाही ओढून म्हणाली, “उनको ऊँचा सुनाई देता है, बेटी. पर मेरी आवाज सुन लेते हैं.” म्हणजे नवऱ्याला कमी ऐकू येत होतं.

माइक फक्त कार्यकर्त्यांनीच हातात घ्यायचा, असा नियम होता. मी तो तिच्या तोंडासमोर धरला. तिने पदर आणखी खाली ओढला, जशी काही सगळी गर्दी तिच्याकडेच बघत होती, आणि बारीक आवाजात म्हणाली, “अजी, सुनते हो? मैं यहाँ हूँ.”

पूर्ण घाट हसला. दोन-तीन टारगट पोरं ‘हाँ, सुन रिया हूँ’ म्हणून ओरडली. ती मात्र दर वेळी गर्दीकडे बघायची, थांबायची, आणि पुन्हा म्हणायची. नंतर माझी पाळी संपली. पुढची मुलगी खुर्चीत बसली, मी अम्माला पाणी पाजून घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले तर मंडप उठलेला. चौकीत विचारलं, तर हवालदार म्हणाला, “आ गया होगा कोई, मैडम.”

आ गया होगा! तेव्हापासून तो आवाज माझ्या मागे लागला. टावर चौकात पोहे खात असले, गाड्यांचे हॉर्न वाजत असले, तरी मधूनच कानाशी यायचा, ‘अजी, सुनते हो?’ मी वळून बघायची. आईला वाटलं मला नजर लागली, तिने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मला खरंच भीती वाटायची. कोणी मला बोलावतंय आणि माझ्याकडे उत्तर नाही, असं वाटायचं.

मॅडमना हे सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “प्रसंग फार चांगला आहे गं. पण त्याला शेवट नाही. शेवट नसेल तर नको टाकूस.”

घरी बाबा म्हणाले, “अगं, भेटले म्हणून लिही ना! कोण तपासायला जाणार आहे?”

मी इतकी चिडले की ताटावरून उठले. तरी खोलीत जाऊन टाइप केलं, इंग्रजीत, झकास. ‘माझ्या प्रयत्नामुळे त्यांचे पती सापडले.’ वाचून बघितलं आणि अंगावर काटा आला. ती तिकडे अजून बसलेली असेल तर? मी तिला कागदावर घरी पोचवून मोकळी होणार? वाक्य पुसलं. लिहिलं, ‘त्यांचे पती आले का, हे मला कळलं नाही. पाळी संपवून उठताना अपुऱ्या कामाची माहिती पुढच्या व्यक्तीला लिहून द्यावी आणि नंतर विचारपूस करावी, हे मी त्या दिवशी शिकले.’ खाली भेटायला बोलावण्याची विनंती, जोडीला रेझ्युमे, आणि मेल धाडून दिली. म्हटलं, आता पुण्याची बॅग भरायला घ्या.

चार दिवसांनी फोन आला. मुलाखतीला हॉस्पिटलच्या मॅनेजर बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. प्रोजेक्टचं विचारलं, रात्रपाळी चालेल का विचारलं, सगळं विचारलं. शेवटी माझं पत्र पालथं ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, “वो... बाद में भी कुछ पता नहीं चला?”

“नहीं, मैम.”

“मैं दो दिन से यही सोच रही हूँ,” त्या म्हणाल्या. मुलाखतीतला प्रश्न नव्हताच तो. मला एकदम रडू फुटलं, मुलाखतीत! नोकरी गेली असंच धरून चालले होते, तर त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि विचारलं, “सोमवार से आ सकती हो?”

आता मी त्या डेस्कवर बसते. उठताना पुढच्या मुलीसाठी सगळं लिहून ठेवते, वर फोन करून डोकं खाते. ती हात जोडते मला.

मध्यंतरी एक खेडवळ बाई समोर येऊन उभी राहिली. नवरा कुठल्यातरी वॉर्डात. पेशंटचं नाव विचारलं, तर पदर तोंडावर. मी कीबोर्डवरचा हात काढला आणि उठले. म्हटलं, चलो अम्मा. तिला घेऊन पुरुषांच्या एकेका वॉर्डाच्या दारात उभी राहिले. तिसऱ्या दारात तिने बारीक आवाजात हाक मारली, “अजी, सुनते हो?”

आतून, खिडकीजवळच्या खाटेवरून उत्तर आलं, “हओ.”

ती धावली. मी तिथेच दाराला धरून उभी राहिले. हाक तीच होती, पण बाई ती नव्हती. घाटावरच्या तिला कोणी ‘हओ’ म्हणालं का, ते मला अजून माहीत नाही.