नूतनच्या अंगणातल्या दोनशे तुळशी

कामठ्यात कुणाला खोकला झाला की लोक दवाखान्याआधी नूतनच्या अंगणात जातात. मी तिच्या समोरच राहते, म्हणून येणारे-जाणारे मला दिसतात. अंगण ते केवढं! चार खाटा टाकल्या तर पाचवी उभी करावी लागेल. त्यात हिरव्या जाळीखाली अडुळसा, गवती चहा, पानओवा, कोरफड, ब्राह्मी, कढीपत्ता, पुदिना, आणि दाराशी शेवंती नि मोगरा. सगळं पिशव्यांमध्ये, जुन्या टोपल्यांमध्ये, फुटक्या बादल्यांमध्ये. नवरा योगराज गोंदियाला राईस मिलमध्ये असतो, रविवारी येतो नि झोपतो. रोपवाटिका एकट्या नूतनची.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण झाडाला पाणी कसं घालायचं ते मला या बाईनं शिकवलं. पिशवीतल्या मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला ओल लागली तर झारी खाली ठेवायची. "बाई, झाडं तहानेनं कमी मरतात," ती म्हणायची, "मायेनं जास्त मरतात."

अंगणाच्या मधोमध तुळशीचं वृंदावन आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. महिन्यातले चार दिवस नूतनला अंगणात पाय ठेवायची मनाई. मागच्या खोलीत बसायचं. त्या खोलीला हातभर खिडकी आहे, ती अंगणात उघडते. म्हणजे झाडं दिसतात सगळी, हात मात्र लावायचा नाही. ते चार दिवस पाणी सासूबाई घालतात, सुमित्राबाई. बाई मनानं वाईट नाहीत. पण लोटाभर पाणी घातल्याशिवाय त्यांना पाणी घातल्यासारखं वाटत नाही. एका उन्हाळ्यात अकरा कोरफडी त्यांनी अशाच कुजवल्या. मला तर चीड यायची. नूतनला विचारलं, तू बोलत काऊन नाहीस? ती म्हणाली, "कोणाले बोलू? उद्या गिऱ्हाईकच म्हणीन का इचं रोप बाटलं हाय."

हे मात्र खरं होतं. ओव्याचं, अडुळशाचं एक वेळ चालून जातं. पण तुळस? पाळीत शिवलेली तुळस आमच्या गावात कुणी दारात लावायचं नाही.

म्हणून तिचा डोळा रस्त्यालगतच्या तुकड्यावर होता. सासऱ्यांची, जागेश्वररावांची, पडीक जागा. तिथं जाळी टाकली की मध्ये वृंदावन नाही, खिडकी नाही, आणि कोण कुठला दिवस मोजतंय हेही नाही. महिन्याचे तीसच्या तीस दिवस झाडांत. सहा वर्षं मागत होती. या वर्षी गोरेगावच्या बाजारात पूजेचं सामान विकणाऱ्या भुपेंद्रनं तुळशीच्या लग्नासाठी दोनशे रोपं सांगितली, तेव्हा जागेश्वरराव म्हणाले, "हे काम नीट पार पाड. मंग तुकडा तुहा."

नूतननं पोळ्याच्या सुमारास बी पेरलं. चार पानं फुटल्यावर एकेक रोप पिशवीत लावलं, मातीत वाळू, शेणखत आणि थोडा भाताचा जळका तूस मिसळून. दोनशे चौदा रोपं झाली. टवटवीत, बोटभर उंच, वृंदावनाभोवती ओळीनं मांडलेली. जागाच दुसरी नव्हती.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून कार्तिकाचं स्नान सुरू होतं. पहाटे आंघोळ करून बायका तुळशीला पाणी घालतात. गल्लीतल्या आम्ही आठ-दहाजणी सुमित्राबाईंच्याच वृंदावनावर जातो. आणि यंदा नेमकी पहिल्याच पहाटे नूतन मागच्या खोलीत गेली.

निर्मलाबाईंच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "इथं तं दोनशे तुळशी हायेत व! एकीले पाणी टाकाचं नि बाकीच्याईले कोरडं ठेवाचं?" झालं. प्रत्येकीनं ओळीनं सगळ्यांना पाणी घातलं. आणि आता लपवू कशाला, मीही घातलं. दुसऱ्या पेराचा धडा मला पाठ होता. पण चार बायकांत हात आखडता घ्यायची लाज वाटली, आणि खोटं का बोलू, पुण्याचाही मोह झाला.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून हाक आली. "बाई, बोट घालून पाहा ना!" मी पाहिलं. चिखल. पहिल्या ओळीतली रोपं पिवळी पडलेली, काहींचं खोड मातीशी काळं होऊन बारीक झालेलं, लोट्याच्या धारेनं मुळं उघडी पडलेली. मी सुमित्राबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवाच्या झाडाले पाणी जास्त होते का कधी?" मागून दोघीजणी भरलेले लोटे घेऊन येतच होत्या.

"टाकू नोका! मरून राहिल्या त्या!" नूतन खिडकीचे गज धरून ओरडली. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, बिचारीला आत करमत नसेल. त्या खिडकीकडे मला बघवेना.

मग मागचं दार वाजलं आणि नूतन अंगणात आली. कुणाकडे न बघता खाली बसली, पिशव्या उचलून उंच ओट्यावर उन्हात मांडू लागली. एकेका हातात दोन-दोन.

निर्मलाबाई बोटांवर मोजत होत्या. "नूतन, तुहे तं अजून..."

सगळ्यांनी सुमित्राबाईंकडे पाहिलं. त्यांनी "हो" म्हटलं असतं तर त्या दोनशे चौदा तुळशींना गोरेगावात सोडा, उकिरड्यावरही जागा मिळाली नसती.

"पाच दिवस झाले तिले," सुमित्राबाई म्हणाल्या. "आज डोस्क्यावरून पाणी घेतलं. तुमची मोजणी चुकली."

बायका गेल्या. सुमित्राबाईंनी पुन्हा आंघोळ केली, दिवसभर उपास धरला आणि सुनेशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाल्या, "पाप माह्या नावानं हाय. पुढच्या खेपेस आतच बस."

नूतननं कुजलेली रोपं दूर नेऊन पुरली. उरलेल्यांना पाणी बंद, पिशव्यांची भोकं काडीनं मोकळी केली. माती सुटी झाली तेव्हाच परत झारी धरली. दीडशेच्या वर वाचली. भुपेंद्रला तिनं स्पष्ट सांगितलं, "दीडशे देतो, धड देतो." त्यानं नेली. तुळशीच्या लग्नानंतर तो स्वतः सांगायला आला की एकही रोप मेलं नाही.

पन्नास रोपं कमी पडली, तरी जागेश्वरराव शब्दाचे पक्के निघाले. त्यांनी मिस्तरी लावला, कुंपण केलं, आणि एका सकाळी नूतनला घेऊन रस्त्याकडे निघाले. मलाही हाक मारली. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि नूतन तर जवळजवळ धावत होती.

तुकड्याच्या ऐन मधोमध नवं कोरं सिमेंटचं वृंदावन उभं होतं. "ज्या तुळशीनं जागा भेटली तिले पयला मान," जागेश्वरराव म्हणाले. नूतनचे पाय तिथंच थांबले. त्यांना ते दिसलंच नाही. ते तिला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथं विटांची एक लहानशी खोली होती, नव्या दाराची. "तुह्या चार दिवसांसाठी. घरी परत जाची गरज नाही. आणि खिडकी पाय, घरच्यापेक्षा मोठी काढाले लावली. सगळे झाडं दिसतेत."

म्हातारा मनापासून बोलत होता. तिला सुख व्हावं म्हणूनच त्यानं हे केलं होतं, आणि म्हणूनच मला रडू आलं.

नूतन खोलीत गेली. खिडकीपाशी उभी राहून बराच वेळ बाहेर पाहत राहिली. मग दार चाचपत म्हणाली, "मामाजी, याले आतून कडी नाही लावली?"

"आतून कायले पायजे?" जागेश्वरराव हसले. "इथं तुले कोण तरास देते? बाहेरून हाय ना."