धोंडिराम ड्रायव्हरने गाडी सोडली नाही

आमच्या शेजारचे धोंडिराम लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी रस्त्यात बंद पडलेली गाडी सोडून येणं म्हणजे त्यांना बायको बाजारात विसरून येण्यासारखं वाटतं. या एका गुणावर मी त्यांची पुष्कळ टिंगल केली आहे. आता जीभ जरा आवरतो.

गाडी सहा वर्षांची, तासगावहून बायकोला, चंद्राबाईंना, डायलिसिसला सांगलीला न्यायला ठेवलेली. आठवड्यातून दोनदा. परतताना कवठे एकंदजवळ उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. दोघांना खरचटलंही नाही, पण रेडिएटर फुटला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. चंद्राबाई म्हणाल्या, गाडी थांबवा, विमा कंपनीला फोन करा, ओढून नेतील. धोंडिरामांनी ऐकलं नाही. इंजिनच्या तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला तरी घरापर्यंत हाकत आणली. दारात इंजिन एकदा घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा बोललंच नाही.

गॅरेजवर नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, तेव्हा मीही बघायला गेलो. तमाशा फुकट होता. धोंडिरामांनी छाती पुढे काढून सांगितलं, "आपन गाडी सोडून न्हाई आलो, सायेब. तशीच घरापर्यंत आनली."

सर्व्हेअरने पेन थांबवलं. "रेडिएटर फुटल्यावर?"

"व्हय."

त्याने तेवढं लिहून घेतलं.

मोबाइलवर अडतीस हजार मंजूर झाल्याचा निरोप आला, तसे धोंडिराम पेढे घेऊनच गॅरेजला गेले. गॅरेजमालकाने एक उचलला आणि हिशोब समजावला. धडकेचं काम साठ हजारांचं. त्यातल्या धातूच्या भागांवर जुनेपणाचे चाळीस टक्के कापले, प्लॅस्टिकवर निम्मे. ही कापाकापी टाळणारं, जास्त हप्त्याचं 'झिरो डेप' घेतलेलं नव्हतं. वर दर क्लेमला गाडीवाल्याने सोसायचे ठरलेले हजार. कॅशलेस असल्यामुळे अडतीस हजार थेट गॅरेजला जमा. उरलेले बावीस हजार धोंडिरामांनी भरायचे.

"आन् इंजिन?"

"ते धडकेनं न्हाई गेलं, दादा. पुढं चालवल्यानं गेलं. कंपनी देत न्हाई. सत्तर हजार लागतील."

धोंडिरामांनी बावीस हजार भरले. सत्तर हजार त्यांच्याकडे नव्हते. पुढून नवरीसारखी नटलेली गाडी ओढून आणून आमच्या बोळात लावली. रोज सकाळी ते ती पुसतात. मी म्हणालो, आता ही गाडी तुम्हाला सोडून जाईल असं वाटत नाही. हसले नाहीत.

शनिवारी डायलिसिसची फेरी होती. त्याआधीची चुकली होती, भाड्याची गाडी आयत्या वेळी आलीच नाही. चंद्राबाई पायरीवर बसून चपलेत पाय घालत होत्या. पाय जात नव्हता, इतकी सूज. धोंडिराम किल्ली हातात धरून उभे.

"आवं, येश्टीनं जाऊ," त्या म्हणाल्या. "वाटंत मला काय झालं, तर मातुर थांबा. घरापर्यंत आनू नगा."

त्या अनवाणीच निघाल्या. बोळाच्या टोकापर्यंत जाताना तीनदा भिंत धरली.