बटणांचे भाव आणि गिऱ्हाइकाच्या चपला

माझ्या धाकट्या दिरांचं बटणांचं दुकान आहे. चाळीस वर्षं ते एकाच खुर्चीत बसले आहेत आणि तेवढ्या काळात त्यांनी एकाही बटणाचा भाव कुठे लिहिलेला नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की भाऊजी आधी त्याच्या चपला बघतात, मग चेहरा, आणि मग भाव ठरतो. याला ते 'धंद्याची नजर' म्हणतात. मी लबाडी म्हणते.

त्यांची सून सहा वर्षं मागच्या खोलीत बटणं निवडत होती. दुकानाचा कॅटलॉग व्हॉट्सॲपवर टाकायची कल्पना तिची. भाऊजी म्हणाले, "महिन्यात वीस ऑर्डरी आणून दाखव, गल्ल्यावर बसवतो तुला." ती हरणार याची त्यांना खात्री होती.

ती कामाला लागली. खिडकीशी राखाडी कापड अंथरून तिने एकेका बटणाचे फोटो काढले. आकार कळावा म्हणून शेजारी नाणं ठेवलं. एक फोटो समोरून, एक मागून, म्हणजे भोकं आहेत की कडी ते दिसावं. मग दुकानाच्या नंबरावरच्या बिझनेस ॲपमध्ये प्रत्येक वस्तूचं नाव, भाव, दोन ओळींची माहिती आणि डब्याचा क्रमांक भरला. अशी चौसष्ट बटणं. ॲपकडून तपासणी होऊन ती हळूहळू दिसू लागली.

भाऊजींची हरकत वेगळीच होती. "दुकान माझं, आणि फोटोत मी कुठे?"

"बाबा, लोक बटण विकत घेणार आहेत."

शेवटी प्रोफाइलवर त्यांचा फोटो लागला. हातात बटणाचा डबा आहे, पण मूठ अशी आवळलेली की काही पडू नये.

भाव लिहायला मात्र ते फारसे कुरकुरले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दुकानाचा फोन त्यांच्याच खिशात असे, आणि लिहिलेला भाव पुन्हा बदलता येतो हे त्यांनी शोधून काढलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी दुकानात स्टुलावर बसले होते. त्या दिवसापर्यंत बरोबर वीस ऑर्डरी झाल्या होत्या. त्या देणाऱ्यांतल्या दोघी माल न्यायला आल्या: कोट शिवून विकणाऱ्या बुटिकवाल्या बाई आणि कोपऱ्यावरची शिंपीण. दोघींचं बटण एकच, कोटाचं तपकिरी.

"केवढ्याला घेतलंत?" शिंपिणीने सहज विचारलं.

"चाळीसला एक."

"अगं बाई! मला अठरा दिसलं." तिने फोन पुढे केला. दोघींनी आपापल्या ऑर्डरीचे मेसेज शेजारी धरले. एकीत चाळीसच्या हिशेबाने तीनशे बटणांची रक्कम, दुसरीत अठराच्या हिशेबाने बारांची.

"मशीनची चूक," भाऊजी म्हणाले. "फोन म्हातारा झालाय."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, गुरुवारी तुम्ही भाव बदललात?"

"त्यात काय? बाईंनी कॅटलॉग बघणार म्हणून आधी कळवलं होतं, सकाळी वाढवला. त्यांची ऑर्डर आली, दुपारी उतरवला. ज्याला त्याला त्याचा भाव! वहिनी, तुम्हीच सांगा, दुकानात हेच करत नाही का आपण?"

"आपण नाही, भाऊजी. तुम्ही."

त्यांना खरंच वाटत होतं की कॅटलॉग गिऱ्हाइकाच्या चपला बघतो. तो सगळ्यांना सारखाच दिसतो आणि जो भाव त्या घटकेला लिहिलेला असेल तोच ऑर्डरीत जातो, हे सुनेने त्यांना दोनदा समजावलं होतं. तेव्हा ते दात कोरत होते.

"माझी ऑर्डर रद्द," बुटिकवाल्या बाई म्हणाल्या.

"मग माझीही. आज त्यांना, उद्या मला," शिंपीण म्हणाली. वीसच्या अठरा झाल्या.

सूनबाई बाईंकडे वळली. "ताई, भाव अठराच आहे. कार्टमधून ऑर्डर पुन्हा पाठवा, आता अठराने येईल."

"आणि पुढच्या खेपेला हे पुन्हा चाळीस करणार नाहीत कशावरून?"

"कारण फोन माझ्याकडे राहील."

तिने हात पुढे केला. भाऊजी बाईंच्या चपलांकडे बघत होते. चपला महागाच्या होत्या आणि दाराकडे वळल्या होत्या. तीनशे बटणं! सुनेवर विश्वास, केलेल्या चुकीची लाज, असलं काही त्यांच्या मनात आलं नाही. हाव आली, आणि त्यांनी फोन दिला. दोन्ही ऑर्डरी पुन्हा आल्या. वीसच्या वीस.

सोमवारपासून गल्ल्यावर ती बसते. भाऊजी दाराशी स्टुलावर असतात. परवा एक बाई गाडीतून उतरल्या आणि मोती बटणं घेऊन, लिहिलेला भाव देऊन गेल्या.

"हिच्याकडून दुप्पट निघाले असते, वहिनी," ते माझ्या कानाशी कुजबुजले.

मी त्यांच्या चपलांकडे पाहिलं. डाव्या चपलेच्या तुटक्या अंगठ्याला दोरा बांधला होता. चाळीस वर्षांच्या त्या नजरेने एवढंच कमावलं होतं.